दाट वस्तीतल्या घरांसाठी एअर प्युरिफायरची जाहिरात: हा मसुदा वाचून सांगा

शब्दसाळ (पणजी)
मंडळी, एक काम हातात आलंय आणि त्यावर मला चार डोळे हवेत. एका कंपनीचा एअर प्युरिफायर आहे. नाव देत नाही. त्यांना मराठी जाहिरात हवी आहे, वर्तमानपत्रासाठी आणि फोनवर फिरवायला. गिऱ्हाईक म्हणजे गर्दीच्या, धुळीच्या वस्तीत राहणारी कुटुंबं. मुंबईत कुर्ला, गोवंडी. आपल्याकडे वास्को, बायणा, मांगोर हिल, मडगावचा बाजार-परिसर. शिगम्याच्या आधी छापायची घाई आहे.

मसुदा दिल्लीहून आलाय, मी तो मराठीत असा आणला:

«विषारी हवेपासून आपल्या पिल्लांना वाचवा! ९९.९७% प्रदूषण नष्ट. ३२० चौरस फुटांची खोली फक्त १२ मिनिटांत शुद्ध. आवाज फक्त २६ डेसिबल. डॉक्टरांची शिफारस. *अटी लागू»

सोबत चित्र: खिडकीच्या कठड्यावर काळी पूड, त्यावर लहान मुलाच्या हाताचा ठसा, शेजारी इनहेलर.

मला वाचताना कुठेतरी खुपतंय, पण बोट ठेवता येत नाही. तुम्ही ठेवा.

बायणेकर
कोणती कंपनी ते व्यक्तिगत निरोपात सांगा. आमच्या घरी सासूबाईंना दम्याचा त्रास आहे. कठड्यावरची काळी पूड आम्ही रोज पुसतो. दोरीवर वाळत घातलेला पांढरा शर्ट संध्याकाळी राखी होतो. चित्र बघून वाटलं, आमच्याच खिडकीचं आहे. किंमत काय? हप्त्यावर मिळेल का?

डिचोलीकर
गोव्यात एअर प्युरिफायर! आता एवढंच बघायचं राहिलं होतं. आमच्याकडे खनिजाचे ट्रक धावायचे तेव्हा रस्त्याकडेची झाडं लाल व्हायची, तेव्हा कोणी मशीन विकायला आलं नाही.

शब्दसाळ
बायणेकर, मी विकत नाही हो, जाहिरात लिहितेय. पण तुमचा प्रतिसाद फार कामाचा आहे, कारण चित्र बघून तुम्हाला जे वाटलं तेच कंपनीला हवंय.

वेर्णाकाका
औषध कारखान्यांच्या क्लीनरूमची हवा सांभाळण्यात नोकरी गेली माझी, त्यामुळे जरा लांबण लागेल.

आधी चित्र, कारण सगळ्यात मोठी लबाडी तिथे आहे. कठड्यावर बसलेली काळी पूड डोळ्याला दिसते म्हणजे ती जाड आहे. पन्नास मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा, कण हवेत सोडला तर दीड मीटर उंचीवरून वीसेक सेकंदांत खाली बसतो. तो खोलीच्या कोपऱ्यातल्या मशीनपर्यंत पोचतच नाही. पोचायच्या आत कठड्यावर, टीव्हीवर, गादीवर. अडीच मायक्रॉनचा कण तेवढंच अंतर पडायला दोनेक तास घेतो, आणि पंखा चालू असला तर पडतच नाही म्हणा. मशीन याच बारीक कणांना धरतं. फुप्फुसात खोलवरही हेच जातात. पण ते डोळ्याला दिसत नाहीत.

म्हणजे जाहिरात दाखवते एक आणि मशीन पकडतं दुसरंच. बायणेकरांनी मशीन घेतलं तरी कठडा रोज पुसावाच लागणार, शर्ट राखी होणारच. महिन्याभरात ते म्हणतील, मशीन बोगस. मशीन बोगस नसेल, चित्र बोगस आहे.

ती पूड कोळशाची, गाड्यांची की बांधकामाची, तो वाद इथे नको. मशीनला त्याने फरक पडत नाही.

आता आकडे. बाई, कंपनीकडे चाचणीचा कागद मागा. त्यात सीएडीआर म्हणून एक आकडा असेल, तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मशीन देतं तो. तो प्रत्येक वेगाचा वेगळा मागा. बहुतेक फक्त सगळ्यात वरच्या वेगाचा देतील.

तर्कवादी_म्हापसा
एवढं कशाला? या मशीनमधला हेपा फिल्टर, म्हणजे बारीक तंतूंची दाट जाळी, ०.३ मायक्रॉनपर्यंतच पकडतो हे जगजाहीर आहे. गाड्यांच्या धुरातले कण त्याहून बारीक असतात. म्हणजे जे खरं घातक ते आरपार जातं. ९९.९७ हा आकडा शुद्ध फसवणूक. हे सगळं यंत्र म्हणजे पंखा आणि जाळी.

वेर्णाकाका
तर्कवादी, शेवटचं वाक्य पूर्ण खरं आहे. पंखा आणि जाळीच असते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

०.३ बद्दल मात्र उलटं आहे. ती पकडीची खालची हद्द नव्हे, तो सगळ्यात अवघड आकार. त्याहून मोठे कण तंतूंवर आदळून अडकतात. त्याहून फार बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे भटकतात आणि भटकता भटकता तंतूला चिकटतात. मधल्या आकाराला दोन्ही गोष्टी कमी लागू पडतात, म्हणून चाचणी तिथे घेतात. तिथे ९९.९७ मिळालं तर त्याच्या दोन्ही बाजूंना जास्तच मिळतं.

फसवणूक आहे, पण दुसऱ्या जागी. ९९.९७ हे फिल्टरच्या कागदातून हवा एकदा गेली की काय होतं त्याचं उत्तर आहे. खोलीत काय होतं त्याचं नाही. आणि «प्रदूषण» म्हटलं की त्यात वायूही आले. गॅसच्या शेगडीचा नायट्रोजन डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, गटाराचा वास, रंगाचा वास. हेपा त्यातलं काही धरत नाही. कार्बनचा थर असेल तर थोडा वास जातो, तोही थर किती जाड त्यावर. घरगुती मशीनमध्ये बहुधा कोळशाची भुकटी मारलेली एक पातळ जाळी असते.

तर्कवादी_म्हापसा
०.३ चं मान्य. पण मग «नष्ट» हा शब्द तरी कसा चालतो? कण फिल्टरमध्ये साठतात, नष्ट कुठे होतात?

वेर्णाकाका
बरोबर पकडलंत. साठतात. म्हणून तर फिल्टर बदलावा लागतो.

शब्दसाळ
कागद मिळाला. तीन वेळा मागावा लागला, पहिल्यांदा रंगीत माहितीपत्रकच पाठवलं. तर असं आहे:

वरचा वेग: तासाला २५० घनमीटर, आवाज ५८ डेसिबल.
मधला वेग: १५० घनमीटर, ४२ डेसिबल.
रात्रीचा वेग: ७० घनमीटर, २६ डेसिबल.

वेर्णाकाका
बघा! «१२ मिनिटांत शुद्ध» हे ५८ डेसिबलचं वाक्य आणि «फक्त २६ डेसिबल» हे ७० घनमीटरचं वाक्य. एकाच ओळीत शेजारी शेजारी लिहिलेत, पण मशीन ही दोन कामं एकाच वेळी कधीही करत नाही. ५८ डेसिबलला माणसं टीव्हीचा आवाज वाढवतात. आमच्या धंद्यात हे सगळ्यात जुनं आहे: हवा वरच्या वेगाची, आवाज खालच्या वेगाचा.

आता ३२० चौरस फूट कुठून आले ते सांगतो. चिनी मानकात खोलीचं क्षेत्रफळ काढताना सीएडीआरला ०.०७ ते ०.१२ मधल्या आकड्याने गुणतात. २५० गुणिले ०.१२ म्हणजे ३० चौरस मीटर, म्हणजे ३२३ चौरस फूट. कंपनीने वरचं टोक घेतलं. खालचं टोक घेतलं असतं तर १८८. अमेरिकन पद्धतीने, म्हणजे तासाला ४.८ वेळा हवा गाळली जावी आणि छत आठ फुटांवर धरून, सुमारे २३० येतात. तीनही पद्धती खऱ्या, मशीन तेच. म्हणून «३२० चौरस फुटांपर्यंत» हा आकडा पद्धत न सांगता निरर्थक आहे.

आणि १२ मिनिटं? २५० घनमीटर तासाला म्हणजे १२ मिनिटांत ५० घनमीटर. आठ फूट छताच्या २२० चौरस फुटांच्या खोलीत साधारण तेवढी हवा मावते. म्हणजे १२ मिनिटं २२० फुटांची आणि ३२० फूट वेगळेच. त्यांच्याच दोन आकड्यांचं आपसात पटत नाही.

त्यातही हवा एकदा फिरली म्हणजे खोली शुद्ध झाली असं होत नाही. माठातलं गढूळ पाणी तांब्याने काढून गाळून परत त्याच माठात ओतत राहिलं तर शेवटी शेवटी तुम्ही गाळलेलंच पुन्हा गाळत असता. माठाएवढं पाणी काढून झालं तेव्हा गढूळपणा पार गेलेला नसतो, एक तृतीयांशाहून थोडा जास्त उरलेला असतो. नव्वद टक्के जायला या २२० फुटांच्या खोलीत २८ मिनिटं लागतील, तीही सगळं बंद असेल तर.

वकीलीणबाय
उशिरा आले, पण मुद्दा माझ्या कामाचा आहे.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आणि त्याखाली जून २०२२ मध्ये आलेली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची मार्गदर्शक तत्त्वं. त्यातल्या दोन गोष्टी इथे थेट लागतात. एक, खाली दिलेला खुलासा मूळ दाव्याला उलटवू शकत नाही. वर «३२० फूट १२ मिनिटांत» आणि खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात «प्रयोगशाळेतील बंद कक्षात, वरच्या वेगावर, प्रत्यक्षात फरक पडू शकतो», हे चालत नाही. दोन, खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच फॉन्टमध्ये हवा. मराठी जाहिरातीखाली इंग्रजी खुलासा मी आठवड्याला पाहते.

ही तत्त्वं जाहिरात एजन्सीलाही लागू आहेत, शब्दसाळ. «मी फक्त लिहून दिलं» हा बचाव धरू नका. उत्पादकाला पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केलं तर पन्नास लाखांपर्यंत.

«डॉक्टरांची शिफारस» कोणत्या डॉक्टरांची? कागद दाखवा, नाही तर ओळ काढा. इनहेलरचं चित्रही काढा. शब्दांत दम्याचं नाव न घेता चित्रातून «हे घेतलं की दमा जाईल» सांगणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं, आणि चित्रसुद्धा दावाच असतो.

एजन्सीवाला
पंधरा वर्षं जाहिरातीत आहे, आधी पुण्यात, आता पर्वरीत. तुम्ही सगळे बरोबर आहात आणि या हिशेबाने जाहिरात कधी छापून येणार नाही. गिऱ्हाईक घनमीटर विकत घेत नाही. भीती विकत घेतं. पर्वरीच्या उड्डाणपुलाची धूळ खाऊन घरी आलेल्या आईला तुम्ही सीएडीआर सांगणार? एक चित्र, एक आकडा, एक नंबर. बास. खरं-खोटं विक्री प्रतिनिधी दुकानात सांगतो.

बायणेकर
दुकानातला काही सांगत नाही. मी परवा मडगावला विचारलं, मोठ्या हॉलला चालेल का, तर म्हणाला, दोन घ्या.

वेर्णाकाका
एजन्सीवाले, एकच आकडा द्यायचा हे मला पटतं. तो कुठला, हा प्रश्न आहे.

गर्दीच्या वस्तीतलं घर डोळ्यासमोर आणा. हॉल बारा बाय पंधरा, छत साडेनऊ फूट, म्हणजे ४८ घनमीटर. दार दिवसभर उघडं, कारण शेजारीण येते, पोरं धावतात, उकडतं. पंखा गरगरतो. अशा खोलीत बाहेरची हवा तासाला दहा वेळा सहज बदलते. मशीन वरच्या वेगावर ताशी पाच वेळा गाळतंय. गणित मांडलं तर आतल्या बारीक कणांचं प्रमाण बाहेरच्या दोन-तृतीयांशावर थांबतं. मशीन रात्रंदिवस ओरडत राहिलं तरी तिथेच. बायणेकरांच्या हॉलला दोन घेतली तरी निम्म्यावर.

आता तेच मशीन झोपायच्या खोलीत ठेवा. दहा बाय अकरा, तेवढंच छत, ३० घनमीटर. दार-खिडकी लोटलेली. फटींमधून तासाला पाऊण वेळा हवा बदलते असं धरा. मधल्या वेगावर १५० म्हणजे ताशी पाच वेळा. आतलं प्रमाण बाहेरच्या आठव्या भागावर येतं. रात्रीच्या वेगावर ठेवलं तरी चौथ्या भागावर. एकच मशीन, एकच वस्ती, आणि फरक केवढा.

आजारी माणूस आणि लहान मूल दिवसाचे आठ-दहा तास तिथेच असतं. विकायचंच असेल तर ही खोली विका.

शब्दसाळ
काका, हेच मला खुपत होतं. दिल्लीचा मसुदा हॉल दाखवतो, सोफा, सगळं कुटुंब. त्यांच्याकडे थंडीत खिडक्या बंदच असतात. आपल्याकडे घर बंद करून बसायची रीतच नाही.

डिचोलीकर
मग मेमध्ये दार-खिडकी बंद करून झोपायचं? एसी नाही ज्याच्या घरी त्याने? जाहिरात गरीब वस्तीसाठी आणि अट एसीवाल्यांची.

वेर्णाकाका
डिचोलीकर, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पंखा चालू ठेवा, मशीनला त्याचा त्रास नाही, उलट हवा नीट मिसळते. पण मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली खिडकी बंद करा असं मी कोणाला सांगणार नाही.

आणखी एक आहे. चार माणसं बंद खोलीत झोपली की कार्बन डायऑक्साइड चढतो, सकाळी डोकं जड. मशीन तो अजिबात कमी करत नाही. म्हणून फट राहू द्यावी, किंवा पहाटे वर्दळ सुरू व्हायच्या आत खिडकी उघडावी.

तर्कवादी_म्हापसा
म्हणजे जाहिरातीत लिहायचं: «खिडकी बंद करा, पण पूर्ण नको, उन्हाळ्यात नको, मासे तळताना नको.» विकली मशीनं!

वेर्णाकाका
मासे तळताना खरंच नको. तेलाची वाफ फिल्टरवर बसली की तो लवकर चोंदतो आणि पुढे महिनाभर इसवणाचा वास देतो. तेव्हा स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट लावा, मशीन बंद. डास मारायची कॉइल लावून शेजारी प्युरिफायर ठेवणारीही घरं पाहिलीत. कॉइलचा धूर म्हणजे बारीक कणच. आधी कॉइल काढा, जाळी लावा, ते स्वस्त पडेल.

वकीलीणबाय
काका, तुमचं गणित सुंदर आहे, पण «आठवा भाग» जाहिरातीत छापायचा तर गणित पुरावा होत नाही. प्रत्यक्ष मोजलं पाहिजे, कुठे, केव्हा, कोणत्या वेगावर, याची नोंद पाहिजे.

शब्दसाळ
कंपनीला मोजायला तयार केलं! मांगोर हिलवर एका ओळखीच्या घरी, अशाच दहा बाय अकराच्या खोलीत. दोन सारखी मीटरं, एक गॅलरीत, एक पलंगाशेजारी. आधी दोन्ही तासभर शेजारी ठेवून सारखं दाखवतात का ते पाहिलं (काकांनी फोनवर बजावलं होतं). मग दार लोटून मधला वेग. बारीक कण बाहेर घनमीटरला ४८ मायक्रोग्रॅम, आत सुरुवातीला ४५, तासाभराने ११. त्यापुढे रात्रभर दहा-अकराच्या आसपास.

आठवा भाग नाही आला. चौथ्याच्या आसपास आला. कंपनीवाले हिरमुसले.

वेर्णाकाका
दाराखाली फट किती होती?

शब्दसाळ
बोटभर. आणि घरातली आजी दोनदा उठून बाहेर गेली.

वेर्णाकाका
मग चांगलाच आलाय. बोटभर फट आणि हॉलच्या खिडक्या उघड्या, म्हणजे हवा मी धरली त्याच्या जवळपास दुप्पट बदलत होती. दाराखाली जुन्या चादरीची गुंडाळी लावून बघा, खाली जाईल. पण जाहिरातीला हाच आकडा घ्या, आजी उठते तो. लोकांच्या घरी आजी असतेच.

पावसाळ्यात मात्र हा प्रयोग करू नका. ही स्वस्त लेसर मीटरं दमट हवेत फुगलेल्या कणांना आणि धुक्याला धूळ समजून आकडा वाढवून दाखवतात. मशीनच्या तोंडावरचा रंगीत दिवाही त्याच जातीचा. जुलैत तो लाल झाला म्हणून लोक घाबरतात.

बायणेकर
४८ म्हणजे वाईट की बरं? टीव्हीवर दिल्लीचे चारशे दाखवतात.

वकीलीणबाय
चोवीस तासांच्या सरासरीला आपली राष्ट्रीय मर्यादा ६०, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५. म्हणजे एका पट्टीवर पास, दुसरीवर तिप्पट नापास. आणि टीव्हीवरचे चारशे हा बहुधा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक असतो, मायक्रोग्रॅम नव्हे. ते दोन आकडे शेजारी ठेवू नका. जाहिरातवालेही हेच करतात, मुद्दाम.

एजन्सीवाला
बरं, मान्य, मोजलेला आकडा दमदार आहे. «४५ वरून ११» ही ओळ मला आवडली. पण इनहेलर नाही, पूड नाही, मग चित्र कशाचं? पांढरा डबा?

शब्दसाळ
झोपलेली आजी आणि नातू, लोटलेलं दार, कोपऱ्यात मशीन. मसुदा असा झालाय:

«रात्री झोपायच्या खोलीत लावा. मांगोर हिलवरच्या एका घरात, दहा बाय अकरा फुटांच्या खोलीत, दार-खिडकी लोटून मधल्या वेगावर चालवलं. हवेतली बारीक धूळ (पीएम २.५) तासाभरात ४५ वरून ११ वर आली. बाहेर तेव्हा ४८ होती. या वेगावर आवाज ४२ डेसिबल, छतावरच्या पंख्याच्या आसपास. दारं-खिडक्या उघड्या असतील तर परिणाम फार कमी होतो. कठड्यावर बसणारी जाड धूळ हे मशीन ओढत नाही, ती पुसावीच लागेल. स्वयंपाकाचा धूर आणि गॅस यासाठी एक्झॉस्ट वापरा. रोज दहा तास चालवल्यास फिल्टर साधारण वर्षाने बदलावा लागतो, किंमत २,४०० रुपये.»

फिल्टरच्या किमतीवरून सर्वात जास्त भांडण झालं. कंपनीचं म्हणणं, ती दुकानात कळेल.

बायणेकर
मला तर तीच आधी कळायला हवी होती. मशीन एकदाच घ्यायचं, फिल्टर दर वर्षी.

वेर्णाकाका
वर्ष हे दहा तासांवर. चोवीस तास चालवलं तर पाच महिन्यांत संपेल. आणि चोंदलेला फिल्टर कण कमी पकडतो असं नव्हे, पकडतो चांगलंच. पण हवा आत यायची थांबते, सीएडीआर पडतो. म्हणून माणसाला कळत नाही. मशीनचा आवाज बदलला आणि समोर हात धरल्यावर वारा कमी लागला की समजा. पावसाळ्यात आठवडाभर बंद ठेवलेल्या मशीनला कुबट वास आला तर मुदत न बघता बदला.

वकीलीणबाय
«छतावरच्या पंख्याच्या आसपास» हे कोणी मोजलं? ते काढा, नाही तर मोजा. बाकी मसुद्याला माझी हरकत नाही. «एका घरात» हे शब्द मात्र कंपनीला कापू देऊ नका. ते कापले की सगळ्या घरांचा दावा होतो.

तर्कवादी_म्हापसा
एका घरातल्या एका रात्रीच्या मोजणीवर जाहिरात? उद्या ज्याच्या घरी ४५ वरून २५ आलं तो काय म्हणेल?

वकीलीणबाय
रास्त प्रश्न आहे. निदान चार-पाच वेगवेगळ्या घरांत मोजावं आणि सगळ्यात वाईट आकडाही द्यावा असं माझं मत. कंपनी करेल असं वाटत नाही.

एजन्सीवाला
करणार नाही. शिगमा तोंडावर आलाय.

शब्दसाळ
कंपनीचं उत्तर आलं. इनहेलर गेला, डॉक्टर गेले, ३२० फूट गेले, पंख्याची ओळ मीच काढली. «४५ वरून ११» ठळक छापणार, «एका घरात» राहिलं. फिल्टरची किंमत राहिली, पण ती ते तळाला नेऊ बघताहेत. फॉन्ट तोच ठेवायचा असं मी लेखी कळवलंय.

अडलंय ते एकाच ओळीवर. «दारं-खिडक्या उघड्या असतील तर परिणाम फार कमी होतो» ही ओळ त्यांना नकोच आहे. म्हणतात, गोव्यात आणि मुंबईच्या चाळीत हे वाचून कोणी घेणारच नाही. त्याऐवजी «उत्तम परिणामासाठी दार-खिडकी बंद ठेवा» लिहा म्हणतात.

वेर्णाकाका
«उत्तम परिणामासाठी» म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं उघडं ठेवलं तर जरा कमी उत्तम. दोन-तृतीयांश धूळ तशीच राहते, त्याला जरा कमी म्हणत नाहीत.

एजन्सीवाला
मी त्यांच्या बाजूने आहे. ओळ खोटी नाही. मोजणीच्या वाक्यात «दार-खिडकी लोटून» आधीच आलंय.

वकीलीणबाय
कायद्याने दोन्ही बहुधा तगतील. पण कोणी तक्रार केलीच तर पहिली ओळ छापलेली असणं कंपनीच्याच फायद्याचं. हे त्यांना सांगा, नीतिमत्ता सांगू नका.

डिचोलीकर
चाळीतला माणूस खिडकी बंद करू शकत नाही हे त्यांना माहीत आहे, म्हणूनच ओळ नको आहे. मग ज्याच्या घरी चालणार नाही त्याला का विकताय, हा प्रश्न जाहिरातीचा नाही, मालाचा आहे.

शब्दसाळ
डिचोलीकर, हे मी तुमचं नाव न घेता त्यांच्यापुढे ठेवते. वकीलीणबाय, तुमचा मुद्दा आत्ताच पाठवला. बायणेकर, तुमचा हॉल असेल तर घेऊ नका. सासूबाईंची खोली वेगळी असेल आणि रात्री दार लोटता येत असेल तर आधी दुकानदाराकडून तिन्ही वेगांचे आकडे मागा. दम्याच्या औषधात मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही बदलू नका.

बायणेकर
खोली वेगळी आहे, पण दार नाही, पडदा आहे.

वेर्णाकाका
पडद्याने काम भागणार नाही. आधी सुताराला बोलवा.